हेडशॉटमधला टॅटू आणि वायर: फोटोग्राफरला काय लिहावे

कंपनीच्या संकेतस्थळावर, वार्षिक अहवालात किंवा लिंक्डइनवर झळकणारा छातीपर्यंतचा फोटो म्हणजे कॉर्पोरेट हेडशॉट. बहुतेक कंपन्या वर्षातून एखाद्या दिवशी फोटोग्राफरला ऑफिसमध्ये बोलावतात, बैठकीच्या खोलीत राखाडी पडदा आणि दोन-तीन लाइट लावले जातात आणि एकामागोमाग एक माणसे येऊन बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला पाच-दहा मिनिटे येतात. या घाईत कॅमेऱ्यामागच्या माणसाचे लक्ष चेहरा, डोळे आणि कॉलर यांवर असते, त्यामुळे फ्रेमच्या कडेला काहीतरी राहून जाते. लाइटची वायर पडद्यासमोर लोंबत राहते, कॉलरच्या वर टॅटू डोकावतो. फोटो निवडीसाठी हातात आला की या गोष्टी पहिल्यांदा दिसतात आणि मग फोटोग्राफरला संदेश लिहायची वेळ येते.

या संदेशात दोन मागण्या एकाच ओळीत लिहिल्या जातात, पण त्या एका जातीच्या नाहीत. वायर राहून गेली ती फोटो काढणाऱ्याच्या बाजूने, आणि ती काढून देणे हे त्याच्या कामाचाच भाग मानले जाते. टॅटू मात्र फोटोतल्या माणसाचा आहे. तो तिथे असणे ही कोणाची चूक नाही. तो लपवायचा की नाही हा त्या माणसाचा निर्णय आणि लपवायचा तर ते वेगळे, बरेच मोठे काम. चांगला संदेश हा फरक ओळखून लिहिलेला असतो. त्यातला नम्रपणाही मुख्यतः तिथूनच येतो. ‘कृपया’ आणि ‘प्लीज’ कितीही वेळा लिहिले तरी दोन तासांचे काम दोन मिनिटांचे समजून मागितले, तर समोरच्याला ते उद्धटच वाटते.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत वित्त विभाग सांभाळणाऱ्या मॅडमचा हेडशॉट काढला आहे. गडद निळा ब्लेझर, पांढरा शर्ट, मागे राखाडी पडदा. फोटोत डावीकडे खाली पडद्यावर उजेड टाकणाऱ्या लाइटची काळी वायर दिसते. ती फ्रेमच्या कडेपासून येते आणि ब्लेझरच्या बाहीमागे जाते. मानेवर, कानाच्या खाली, मोरपिसाचा टॅटू आहे. त्याचे टोक कॉलरमध्ये शिरते आणि वरच्या भागावर केसांच्या चार-पाच बटा आल्या आहेत.

संदेश लिहिण्याआधी निवडीसाठी आलेले सगळे फोटो पुन्हा एकदा पाहणे फायद्याचे असते. एका बैठकीत फोटोग्राफर वीस-तीस फोटो सहज काढतो. एखाद्यात मान जराशी वळल्यामुळे टॅटू सावलीत गेलेला असतो, एखाद्यात केस पुढे आलेले असतात, एखाद्यात वायर चौकटीबाहेर राहिलेली असते. तसा फोटो तितकाच चांगला असेल तर दुरुस्तीची गरजच उरत नाही. नसेल, तरी तो उपयोगी पडतो. कॅमेरा तिपाईवर स्थिर असेल आणि एखाद्या फोटोत वायर दिसत नसेल, तर त्या फोटोतला पडद्याचा कोपरा उचलून निवडलेल्या फोटोत बसवता येतो. संदेशात ‘DSC_4131 मध्ये तो कोपरा मोकळा आहे’ एवढे लिहिले तरी फोटोग्राफरचा शोधाशोध करण्याचा वेळ वाचतो.

फोटो कुठे वापरायचा आहे तेही पाहावे. लिंक्डइनवर प्रोफाइलचा फोटो गोल दिसतो, त्यामुळे कोपऱ्यातली वायर तिथे आपोआप कापली जाते. संकेतस्थळावर किंवा छापील अहवालात चौकोनी फोटो लागत असेल तर ती दिसणारच. कधी फोटो थोडा कापून घेतला, तरी काम भागते. पण डोक्यावरची मोकळी जागा आणि खांद्यांची ठेवण सगळ्या सहकाऱ्यांच्या फोटोंत सारखी असावी लागते. एकाचाच फोटो जास्त कापला की तो रांगेत वेगळा उठून दिसतो.

वायर काढणे सोपे वाटते आणि बऱ्याचदा ते असतेही. राखाडी, जरा धूसर पडद्यावर शेजारचा तुकडा उचलून वायरवर ठेवायचा, एवढेच करायचे असते. फोटोशॉपमध्ये यासाठी क्लोन स्टॅम्प, हीलिंग ब्रश, पॅच अशी साधने आहेत. क्लोन स्टॅम्प एका जागेचा तुकडा जसाच्या तसा दुसरीकडे उमटवतो. हीलिंग ब्रश तुकड्याचा पोत घेतो, पण रंग आणि उजेड नव्या जागेच्या आसपासचा लावतो. २०१० साली आलेल्या फोटोशॉप सीएस ५ पासून, निवडलेला भाग आसपासचे पाहून आपोआप भरण्याची सोयही मिळाली. तरीही अडचणीच्या दोन जागा राहतात. पहिली म्हणजे पडद्यावरचा उतरता उजेड. मधोमध उजळ आणि कडेला गडद असा पडदा असेल, तर चुकीच्या जागेचा तुकडा लावल्यावर ठिगळ दिसते. दुसरी जागा बाहीच्या कडेची. वायर जिथे ब्लेझरमागे जाते तिथे हीलिंग ब्रश कापडाचा निळा रंग पडद्यात ओढतो आणि कडेला मळकट डाग उमटतो. म्हणून जाणकार माणूस आधी बाहीची कड नीट निवडून बाजूला ठेवतो, मग फक्त पडद्यावर काम करतो. वायरची पडद्यावर पडलेली सावलीही काढावी लागते. ती राहिली तर वायर नसलेल्या जागी एक अंधूक रेघ उरते. आपल्या उदाहरणातली वायर अनुभवी माणसाला काही मिनिटांचे काम आहे.

टॅटूचे तसे नाही. त्वचा हा फोटोतला सगळ्यात अवघड पृष्ठभाग, कारण तिच्यातली लहानशी खोटही डोळ्यांना खटकते. मानेवर तर सपाट जागा जवळजवळ नसतेच. जबड्याखाली सावली, मग मानेची उभी शीर, तिच्यावर उजेडाची बारीक रेघ, पुढे कॉलरची सावली. टॅटूची शाई यातल्या प्रत्येक भागावर वेगळी दिसते. काळी शाई वर्षांनी हिरवट-निळसर होते, म्हणून फक्त गडदपणा कमी करून भागत नाही. रंगही बदलावा लागतो. नुसता हीलिंग ब्रश फिरवला तर टॅटूच्या कडेला निळसर धग राहते, आणि शाई नसलेल्या शेजारच्या त्वचेलाही ती लागते.

मोकळ्या त्वचेचा तुकडा आणायचा तर तो कुठून, हाही प्रश्न येतो. मानेची दुसरी बाजू मोकळी असते, पण मुख्य लाइट एका बाजूला असल्यामुळे तिथला उजेड उलट दिशेचा असतो. तो तुकडा उलटा करून बसवला तरी छिद्रांवरची, बारीक लवेवरची सावली चुकीच्या दिशेला पडलेली दिसते. मग रिटचर काम दोन भागांत करतो. आधी टॅटूच्या जागेचा रंग आणि उजेड हळूहळू शेजारच्या त्वचेशी जुळवतो, नंतर जवळच्याच छोट्या छोट्या तुकड्यांतून त्वचेचा पोत वरून बसवतो. चांगल्या रफूसारखे हे काम उजेडात धरल्यावरही दिसता कामा नये. बटा टॅटूवर असतील, तर प्रत्येक बट वेगळी राखून तिच्या आजूबाजूची त्वचा बदलावी लागते. शेवटी एखाद-दोन केस पुन्हा काढावेही लागतात. आपल्या मोरपिसासाठी अर्धा तास ते दोन तास लागले तरी त्यात नवल नाही. मनगटावरच्या लहानशा अक्षराला याच्या चौथाई वेळही लागणार नाही. म्हणून टॅटू केवढा आहे, कुठे आहे आणि त्याच्यावर केस किंवा कापड येते का, हे संदेशात लिहिणे फोटोग्राफरच्या सोयीचे असते.

टॅटू काढायला सांगणार कोण, हा प्रश्न कामापेक्षा नाजूक आहे. पुष्कळ कंपन्यांत हे संदेश एचआर विभागातून जातात. फोटोतल्या व्यक्तीला न विचारता तिच्या अंगावरची खूण काढून टाका असे लिहिणे बरोबर नाही. टॅटू एखाद्याच्या आईचे नाव असेल, गेलेल्या भावाची आठवण असेल. आपल्याकडे तर कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदून घेण्याची परंपरा आहे, आणि हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपका रिटचिंग करणाऱ्याला ‘डाग’ वाटून तो पुसला गेला, तर त्या बाईला स्वतःचाच चेहरा परका वाटेल. त्यामुळे एचआरने लिहायचे असेल तर आधी त्या व्यक्तीशी बोलावे आणि ‘त्यांच्या सांगण्यावरून’ असे संदेशात नमूद करावे. ज्याचा फोटो आहे त्याने स्वतः लिहिले तर सगळ्यात चांगले. कारण सांगण्याची सक्ती नाही, मात्र एका वाक्यात सांगितले तर फोटोग्राफरला किती बारकाईने काम करायचे याचा अंदाज येतो. फोटो फक्त बँकेच्या सादरीकरणात जाणार असेल आणि एरवी टॅटू ठेवायचा असेल, तर दोन्ही प्रती मागता येतात.

आता मॅडमनी पाठवलेला संदेश पाहू:

‘नमस्कार सर, निवडीचे फोटो मिळाले. DSC_4127 नक्की केला आहे. चेहऱ्यावरचा उजेड आणि हसू दोन्ही मनासारखं आलंय. यात दोन दुरुस्त्या करून मिळतील का?

एक, फोटो पाहताना डाव्या हाताला खाली, बाहीमागून पडद्यावर लाइटची काळी वायर दिसते. ती आणि तिची सावली काढावी. DSC_4131 मध्ये तो कोपरा मोकळा आहे, उपयोग होईल.

दोन, फोटो पाहताना उजव्या हाताला, कानाखाली माझ्या मानेवर मोरपिसाचा टॅटू आहे. खालचं टोक कॉलरमध्ये जातं, वरच्या भागावर थोडे केस आलेत. तो या फोटोपुरता पूर्ण काढायचा आहे. हे काम ठरलेल्या रिटचिंगमध्ये बसत नसेल तर जास्तीचे किती होतील ते आधी कळवाल का? त्यानंतरच सुरू करा.

बाकी काही बदलू नका. गालावरचा तीळ, डोळ्यांखालच्या रेषा, केस आहेत तसेच राहू द्या. फोटो वेबसाइट आणि छापील वार्षिक अहवाल दोन्हींसाठी हवा आहे. पुढच्या गुरुवारपर्यंत मिळाला तर बरं होईल. तोपर्यंत जमत नसेल तर कधी मिळेल ते सांगा. दोन्ही जागा गोल करून फोटो सोबत जोडलाय. धन्यवाद.’

संदेश लांब वाटला तरी त्यातले प्रत्येक वाक्य कामाला येते. पहिली गोष्ट फोटोचा क्रमांक. कॅमेरा प्रत्येक फाइलला नाव देतो. निकॉनच्या फाइलला सहसा DSC_ आणि कॅननच्या फाइलला IMG_ लागून पुढे आकडे येतात. ‘तो हसरा फोटो’ असे लिहिले तर वीस हसऱ्या फोटोंतला कोणता हे विचारण्यात एक दिवस जातो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पुढे पाठवताना फाइलचे मूळ नाव अनेकदा हरवते, म्हणून क्रमांक हाताने लिहावा. खूण केलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला तरी चालतो, कारण तो फक्त जागा दाखवण्यासाठी आहे. दुरुस्तीचे काम फोटोग्राफर आपल्याकडच्या मूळ फाइलवरच करतो. पूर्ण झालेला फोटो मात्र डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हच्या लिंकने घ्यावा. साध्या फोटोसारखा पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप तो आवळून लहान करते आणि छपाईत त्वचा मातकट दिसते.

दुसरी गोष्ट डावे-उजवे. टॅटू मॅडमच्या मानेच्या डाव्या बाजूला आहे, पण फोटोत तो पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला येतो. आरशात आणि मोबाइलच्या सेल्फीत स्वतःला पाहायची सवय असलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. ‘फोटो पाहताना उजव्या हाताला’ असे लिहिले की शंकेला जागा उरत नाही.

तिसरी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे काय तसेच ठेवायचे ते सांगणे. ‘जरा छान करून द्या’ या वाक्याचा अर्थ अनेक स्टुडिओंत त्वचा गुळगुळीत करा, जबडा बारीक करा, रंग उजळ करा असा घेतला जातो. तो स्टुडिओचा दोष म्हणता येत नाही. पुष्कळ ग्राहकांना तेच हवे असते, आणि काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलने सुरकुत्या पुसण्याच्या काळापासून ही अपेक्षा चालत आली आहे. मान दुरुस्त करताना टॅटूच्या जागेचा पोत शेजारच्याशी जुळावा म्हणून घाईतला रिटचर सगळी मानच गुळगुळीत करतो आणि मग चेहराही. तीळ, रेषा, केस यांचा स्पष्ट उल्लेख केला की हा मोह आवरला जातो.

पैशाचे वाक्य टाळणे हा नम्रपणा नव्हे. बहुतेक फोटोग्राफरच्या दरात साधे टच-अप धरलेले असते. पुरळ, कपड्यावरचा धागा, विस्कटलेली बट, पार्श्वभूमीवरची लहानसहान गोष्ट एवढे त्यात येते. टॅटू काढणे त्यात येते की नाही हे प्रत्येकाचे वेगळे असते. आधी विचारले तर काम झाल्यावर वाढीव बिलाने दोघांनाही अवघडायला होत नाही. वायरच्या बाबतीत मात्र पैशाचा विषय काढू नये आणि ‘तुमच्याकडून राहिलं’ असेही लिहू नये. चूक कोणाची हे फोटोग्राफरला फोटो पाहताक्षणी कळते. सगळ्या दुरुस्त्या एकाच संदेशात देणेही महत्त्वाचे. ठरलेल्या दरात बहुधा एक किंवा दोन फेऱ्या असतात. सोमवारी वायर, बुधवारी टॅटू आणि शुक्रवारी कॉलर असे तुकड्या-तुकड्यांनी सांगितले की प्रत्येक वेळी फाइल नव्याने उघडावी लागते.

शक्य असेल तर हा संदेश निवडीच्या टप्प्यावरच पाठवावा. एकदा शेवटची जेपीईजी प्रत देऊन झाली की काही फोटोग्राफर थरांची कामाची फाइल काढून टाकतात. मग आधी केलेली रंगदुरुस्तीसुद्धा पुन्हा करावी लागते.

या उदाहरणात फोटोग्राफरचे उत्तर साधारण असे येईल: ‘नमस्कार मॅडम. वायर आमच्याकडून राहिली, काढून देतो, त्याचे काही नाही. टॅटूवर केस आहेत म्हणून वेळ लागेल, त्याचा वेगळा चार्ज होईल. चालत असेल तर बुधवारी एक प्रूफ पाठवतो, ते पाहून सांगा.’ प्रूफ आल्यावर ते मोबाइलवर पाहून लगेच ‘छान’ म्हणू नये. संगणकावर फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करावा आणि मानेकडे पाहावे. एकाच आकाराचा ठिपका किंवा छिद्रांचा समूह दोन-तीन जागी दिसतो का, कॉलरची कड कुठे वाकडी झाली आहे का, बटांभोवती धूसर वलय आहे का, आणि टॅटूच्या जागी त्वचा शेजारच्यापेक्षा जास्त नितळ दिसते का, हे तपासावे. मग फोटो अगदी लहान करून पाहावा. जवळून न दिसणारा निळसर डाग लहान फोटोत चटकन कळतो, कारण तिथे पोत नाहीसा होतो आणि फक्त रंग उरतात. पडद्याच्या कोपऱ्यात उजेडाच्या पट्ट्या पडल्या नाहीत ना, हेही याच वेळी दिसते. काही राहिले असेल तर पुन्हा तेवढ्याच नेमकेपणाने लिहावे: ‘वायर छान निघाली आहे. कानाच्या खाली, जबड्याच्या सावलीला लागून अजून थोडा निळसरपणा दिसतो, तेवढा बघाल का?’

एवढा खटाटोप करण्याऐवजी मोबाइलच्या अ‍ॅपमधून टॅटू स्वतःच पुसून टाकण्याचा मोह होतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, दुसरा काही करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालकी हक्क काढून घेणाऱ्याकडे असतात. पण करारात वेगळे ठरलेले असू शकते. शिवाय कलम ५७ प्रमाणे, आपल्या कामाची मोडतोड होऊन नावलौकिकाला धक्का बसत असेल तर त्याला हरकत घेण्याचा हक्क फोटोग्राफरकडे राहतो. ज्या फोटोखाली त्याचे नाव छापले जाणार आहे त्यातला चिखल झालेला मानेचा भाग त्याला मान्य नसणार. विचारणे दोघांच्याही सोयीचे.

दुरुस्त केलेला फोटो कुठे वापरू नये हे शेवटी लक्षात ठेवावे लागते. पासपोर्ट, व्हिसा आणि सरकारी ओळखपत्रे यांसाठी चेहऱ्यात किंवा त्वचेवर बदल केलेला फोटो चालत नाही, आणि ऑफिसमधला चांगला हेडशॉट तिथे वापरण्याची इच्छा अनेकांना होते. म्हणून फोटोग्राफरकडून दोन फाइली घ्याव्यात, एक दुरुस्त केलेली आणि एक टॅटूसह. दोन्हींच्या नावांत फरक असावा, म्हणजे सहा महिन्यांनी कोणी ‘तो फोटो पाठवा’ म्हटले की योग्य तोच जाईल.